३.४ एकाच प्रकल्पाचे दोन अंतर्गत परतावा दर

ज्या दराने प्रकल्पाचे निव्वळ वर्तमान मूल्य शून्य होते, तो त्याचा अंतर्गत परतावा दर, ही व्याख्या आपण मागील उपघटकात पाहिली. असा दर एकच असेल, असे मात्र व्याख्येत कोठेही म्हटलेले नाही. या उपघटकात आपण याच मुद्द्याचा विचार करू.

उदाहरण : समजा, एका दगडखाणीत आज १,००,००० रुपये गुंतवले. वर्षअखेरीस २,३०,००० रुपये मिळाले. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस खड्डा बुजवून जमीन पूर्ववत करण्यासाठी १,३२,००० रुपये खर्च करावे लागले. रोख प्रवाहांची चिन्हे क्रमाने उणे, अधिक, उणे अशी आहेत. म्हणजे चिन्ह दोनदा बदलले आहे.

प्रथम १० टक्के दर घ्या. गुंतवलेले १,००,००० रुपये वर्षभरात १,१०,००० होतात. ते वजा जाता हाती १,२०,००० रुपये उरतात. ही शिल्लक १० टक्क्यांनी वाढून १,३२,००० होते आणि खड्डा बुजवण्याचा खर्च तंतोतंत भागतो. आता २० टक्के दर घ्या. गुंतवणूक १,२०,००० होते, शिल्लक १,१०,००० उरते आणि तीही २० टक्क्यांनी वाढून १,३२,०००च होते. दोन्ही दर व्याख्येत बसतात.

याचे कारण लक्षात घ्या. पहिल्या वर्षी पैसा प्रकल्पात अडकलेला असतो. तेथे दर वाढला की प्रकल्पावरील बोजा वाढतो. दुसऱ्या वर्षी प्रकल्पाचा पैसा आपल्या हाती असतो; तेथे दर वाढला की शिल्लक अधिक वाढते. एकच दर या दोन परस्परविरोधी भूमिका बजावतो, म्हणून समतोल दोन ठिकाणी साधला जातो. चिन्हबदलांची संख्या ही अशा दरांची कमाल मर्यादा होय. प्रत्येक वेळी तितके दर मिळतीलच असे नाही.

यातून निर्णय चुकू शकतो. भांडवलाचा खर्च ८ टक्के असल्यास दोन्ही दर त्याहून अधिक आहेत. नेहमीच्या नियमानुसार प्रकल्प स्वीकारावा लागेल. परंतु ८ टक्के दराने पहिल्या वर्षीच्या प्राप्तीचे वर्तमान मूल्य २,१२,९६३ रुपये, तर अखेरच्या खर्चाचे १,१३,१६९ रुपये येते. त्यात आरंभीची गुंतवणूक मिळवता एकूण खर्च प्राप्तीपेक्षा २०६ रुपयांनी अधिक ठरतो. प्रकल्प तोट्याचाच आहे.

म्हणून प्रथम रोख प्रवाहांची चिन्हे तपासावीत. ती एकाहून अधिक वेळा बदलत असल्यास संगणकाने दिलेल्या एका दरावर विसंबू नये. भांडवलाच्या खर्चाने निव्वळ वर्तमान मूल्य काढून निर्णय घ्यावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न : भांडवलाचा खर्च १२ टक्के असल्यास वरील प्रकल्प स्वीकारावा काय?

उत्तर : होय. निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे अधिक १२८ रुपये येते.