इतिवृत्तातून ठराव नोंदवही

इतिवृत्तात सभेची हकीकत क्रमाने येते; ठराव नोंदवहीत केवळ निर्णय येतो. म्हणून इतिवृत्तावरून नोंदवही तयार करताना पहिला प्रश्न असा की, निर्णय कोणता? गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीच्या इतिवृत्ताचा पुढील काल्पनिक उतारा पाहा. नावांऐवजी येथे पदे दिली आहेत.

‘दि. १४ जुलै २०२४. टाकीच्या गळतीबाबत चर्चा झाली. सर्वांत कमी दराच्या ठेकेदारास काम द्यावे व ते पुढील महिन्याअखेर पूर्ण करून घ्यावे, असे खजिनदारांनी सुचविले. सहसचिवांनी अनुमोदन दिले व तसे सर्वानुमते ठरले. तोवर टँकर मागवावा, असेही ठरले. गच्चीची डागडुजी करावी, असे एका सदस्याने सुचविले.’

‘द्यावे’, ‘मागवावा’, ‘करावी’ ही तिन्ही रूपे विध्यर्थी आहेत. तेवढ्यावरून तीन ठराव मोजणे चुकीचे ठरेल. निर्णायक आहे ते मुख्य वाक्याचे क्रियापद. ‘ठरले’ असेल तर ठराव. नुसते ‘सुचविले’ असेल तर सूचना. गच्चीची डागडुजी ही सूचनाच राहिली, म्हणून ती नोंदवहीत येणार नाही. ती आली, तर समितीने न घेतलेल्या निर्णयावर खर्च होण्याचा धोका संभवतो.

उरलेले दोन निर्णय असे नोंदवावेत :

ठराव क्र. ७ (२०२४-२५)
दिनांक : १४ जुलै २०२४
ठराव : पाण्याच्या टाकीची गळती थांबविण्याचे काम सर्वांत कमी दर (रु. ४८,०००) देणाऱ्या ठेकेदारास द्यावे व ते दि. ३१ ऑगस्ट २०२४ पर्यंत पूर्ण करून घ्यावे.
सूचक : खजिनदार. अनुमोदक : सहसचिव. सर्वानुमते मंजूर.

ठराव क्र. ८ (२०२४-२५)
दिनांक : १४ जुलै २०२४
ठराव : टाकीची दुरुस्ती (ठराव क्र. ७) पूर्ण होईपर्यंत पाण्याचा टँकर मागवावा.
सूचक : इतिवृत्तात नोंद नाही.

येथे ‘तोवर’, ‘पुढील महिन्याअखेर’ हे संदर्भसापेक्ष शब्द गेले आहेत. नोंदवहीतील ठराव एकेकटा वाचला जातो. डिसेंबरमध्ये वाचणाऱ्यास ‘पुढील महिना’ कोणता, हे कळणार नाही. रक्कम मात्र अंदाजाने घातलेली नाही. ती इतिवृत्तास जोडलेल्या दरपत्रकातून घेतली आहे.

आठव्या ठरावाचा सूचक खजिनदारच असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि मूळ नोंदीत नसलेले नाव भरू नये. तेथे ‘सर्वानुमते’ हा शब्दही नाही, म्हणून तोही लिहिलेला नाही. क्रमांक वर्षभर सलग ठेवावेत. प्रत्येक सभेत ते एकपासून सुरू केल्यास ‘ठराव क्र. २’ एकाहून अधिक होतील आणि पुढील पत्रव्यवहारात कोणता अभिप्रेत आहे, हे कळणार नाही.

स्वाध्याय : ‘वरील खर्चास मंजुरी देण्यात आली’ हे वाक्य नोंदवहीत घेण्यापूर्वी मूळ कागदपत्रांतून कोणती माहिती शोधावी लागेल, ते लिहा.