बसणे, उभे राहणे, चालणे : एक हिशेब

माझे थोरले भाऊ लातूरला एका कार्यालयात कारकून आहेत. मी नांदेडला शिकवतो. मागच्या ईदला ते घरी आले, तेव्हा त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. चिठ्ठीवर एकच ओळ होती :

३ × ६० × ३ = ५४०

"रोज तीन तास मी उभा राहून काम करतो," भाईजान म्हणाले. "कपाटावर रजिस्टर ठेवले की उभ्याने लिहिता येते. माझे वजन साठ किलो. बघ, ५४० कॅलरी जळतात. म्हणजे अडीच भाकऱ्या!"

साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे २०० कॅलरी देते. त्या हिशेबाने अडीच भाकऱ्या ही काही लहान गोष्ट नव्हे. पण मला शंका आली. नुसते उभे राहून इतके जळत असेल, तर वर्गात दिवसभर उभे राहणारे आम्ही शिक्षक काडीसारखे दिसलो असतो!

भाईजानांनी पहिला ३ हा आकडा कोठून आणला, ते आधी पाहू. माणूस पूर्ण विश्रांती घेत असतानाही त्याचे हृदय, फुप्फुसे आणि मेंदू काम करतात, म्हणून त्याचे शरीर थोडी शक्ती खर्च करतेच. या खर्चाला १ मेट म्हणतात. हिशेबासाठी १ मेट म्हणजे दर किलो वजनामागे ताशी १ कॅलरी असे धरतात. (आहाराच्या पुस्तकांत जिला आपण कॅलरी म्हणतो, ती खरे तर किलोकॅलरी असते.) एखाद्या कामाला विश्रांतीच्या दुप्पट शक्ती लागली, तर ते काम २ मेटचे. अशा शेकडो कामांची यादी अमेरिकेत बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली छापली. पुढे ती अनेकदा सुधारली गेली. आपण येथे २०११ च्या यादीतील आकडे घेऊ.

त्या यादीत उभ्याने करायच्या कामांच्या अनेक ओळी आहेत. भाईजानांनी घेतलेली ३ मेटची ओळ दुकानातील विक्रेत्यासारख्या कामाची होती. विक्रेता उभा असतो हे खरे, पण तो सारखा वळतो, माल काढतो, दोन पावले इकडे, चार पावले तिकडे करतो. कपाटापाशी एका जागी उभे राहून रजिस्टर लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला जवळची ओळ म्हणजे उभे राहून बोलणे किंवा संगणकावर हलके काम करणे. तिचा आकडा १.८ आहे. बसून टेबलावर हलके काम करण्याचा आकडा १.५ आहे.

"ठीक आहे," भाईजान म्हणाले, "१.८ गुणिले ६० गुणिले ३. म्हणजे ३२४. दीड भाकरी तरी झाली ना?"

"भाईजान, तुम्ही ते तीन तास उभे राहिला नसता, तर काय केले असते?"

"बसलो असतो."

"मग बसून शरीराने काहीच खर्च केला नसता का?"

भाईजान गप्प झाले. दुसरी चूक हीच होती, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. बसण्याचा खर्च तर होणारच होता, म्हणून तो वजा केला पाहिजे. तासाचा हिशेब असा : उभ्याने १.८ × ६० = १०८ कॅलरी, बसून १.५ × ६० = ९० कॅलरी. फरक फक्त १८. तीन तासांचा फरक ५४. म्हणजे चिठ्ठीवरच्या ५४० मधले शून्य गळून पडले!

येथेही थांबता येत नाही. हा १८ चा फरक यादीतील दोन आकड्यांच्या वजाबाकीतून आला. ते आकडे मोघम असतात, आणि दोन मोघम आकड्यांची वजाबाकी आणखी मोघम असते. त्याच यादीत स्वस्थ बसणे १.३ आणि स्वस्थ उभे राहणेही १.३ आहे. त्या ओळी घेतल्या, तर फरक शून्य येतो. मग खरे काय? त्यासाठी माणसाचा श्वास मोजावा लागतो. नाकातोंडावर मुखवटा लावून तो किती ऑक्सिजन वापरतो ते पाहतात आणि त्यावरून खर्च काढतात. अशा ४६ अभ्यासांचे आकडे २०१८ साली एकत्र करण्यात आले. बसणे आणि उभे राहणे यांत मिनिटाला सुमारे ०.१५ कॅलरीचा फरक आढळला. तासाला ९, तीन तासांना २७. चहात दीड चमचा साखर घातली की साधारण तेवढ्या कॅलरी परत येतात.

फरक इतका कमी का? सरळ उभे राहिल्यावर शरीराचा भार बराचसा हाडेच पेलतात. पोटऱ्यांचे आणि पाठीचे स्नायू तोल सांभाळण्यापुरते काम करतात. चालताना मात्र प्रत्येक पावलाला शरीर थोडे वर उचलावे लागते आणि पाय पुढे टाकावा लागतो. म्हणून चालण्याचा आकडा वाढतो. पण किती वाढतो, हे वेगावर ठरते. ताशी ३.२ किलोमीटर, म्हणजे सावकाश पण नीट चालणे, २.८ मेटचे आहे. त्याहून हळू, कार्यालयात रेंगाळत चालणे, २ मेटचे आहे.

भाईजानांच्या कार्यालयाचा व्हरांडा ५० मीटर लांब आहे. ताशी ३.२ किलोमीटरने तो ५६ सेकंदांत संपायला हवा. लातूरला परतल्यावर त्यांनी घड्याळ लावून पाहिले आणि मला फोन केला. त्यांना ७५ सेकंद लागले होते. म्हणजे वेग ताशी २.४ किलोमीटर, आणि ओळ २ मेटची. कामाच्या दर तासाला दहा मिनिटे याप्रमाणे सहा तासांत ते एक तास असे चालले, तर बसण्यापेक्षा १२० − ९० = ३० कॅलरी जास्त. तोच व्हरांडा ५६ सेकंदांत पार केला, तर १६८ − ९० = ७८. तीन तास उभे राहण्यापेक्षा हा एक तास भारी. मात्र वाटेत कोणी भेटले आणि गप्पांत पाच मिनिटे गेली, तर ती पाच मिनिटे उभे राहण्याच्या खात्यात लिहावीत. भाईजानांना हा नियम मुळीच आवडला नाही, कारण त्यांचे मित्र फार!

या ७८ लाही अगदी नेमका आकडा समजू नका. दर किलोमागे ताशी १ कॅलरी हे माप बऱ्याच लोकांसाठी थोडे जास्त आहे. २००५ साली छापलेल्या एका अभ्यासात विश्रांतीचा खर्च सरासरी ०.८४ निघाला. त्या मापाने ७८ चे सुमारे ६५ होतात.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. एका हेडक्लार्कचे वजन ७० किलो आहे. ते रोज दोन तास उभ्याने हलके काम करतात आणि अर्धा तास ताशी ३.२ किलोमीटर वेगाने चालतात. हा सगळा वेळ ते बसून काम करत राहिले असते, तर किती कॅलरी कमी खर्च झाल्या असत्या? यादीतील आकड्यांवरून उभे राहण्याचे ४२ आणि चालण्याचे ४५.५ आले, तर तुमचा हिशेब बरोबर. उभे राहण्याचे २५२ आले असतील, तर भाईजानांची दुसरी चूक तुमच्या वहीतही झाली आहे.