दिवाळी सरकली, की विक्री वाढली?

बिजौलीच्या औद्योगिक भागात तुमचे छोटेसे कापडाचे दुकान आहे, असे समजा. बोनस हातात आला की कामगार मुलाबाळांसाठी कपडे घेतात, म्हणून वर्षाची मोठी विक्री दिवाळीआधी होते. तुमच्या वहीत असे आकडे आहेत:

२०२२: ऑक्टोबर १,८०,००० रु., नोव्हेंबर ९०,००० रु.
२०२३: ऑक्टोबर १,२०,००० रु., नोव्हेंबर १,७१,००० रु.

ऑक्टोबरशी ऑक्टोबर ताडून पाहिला तर धंदा एक तृतीयांश घटला. नोव्हेंबर पाहिला तर ९० टक्के वाढला. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. पहिल्यावर विश्वास ठेवून घाबरून माल कमी भराल, दुसऱ्यावर ठेवून कर्ज काढून जादा माल भराल.

खरे कारण पंचांगात आहे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून सण दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतात. अधिक मास आला की ते पुन्हा पुढे जातात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. त्यामुळे २०२२ चे लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला, तर २०२३ चे १२ नोव्हेंबरला आले. गिऱ्हाईक तेच होते, फक्त महिना बदलला.

मग योग्य तुलना कशी करायची?

पहिली पायरी: दोन्ही महिन्यांची बेरीज करा. २०२२ चे २,७०,००० आणि २०२३ चे २,९१,००० रुपये होतात. म्हणजे वाढ सुमारे ८ टक्के.

दुसरी पायरी: तारखेऐवजी सणापासून दिवस मोजा. लक्ष्मीपूजनाच्या दिवसासह आधीचे एकवीस दिवस घ्या. २०२२ साठी ४ ते २४ ऑक्टोबर आणि २०२३ साठी २३ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर. दोन्हींत दसराही येतो, म्हणून तुलना बरोबरीची होते. वहीत ही विक्री १,५०,००० आणि १,६२,००० रुपये निघाली, तर इथेही वाढ ८ टक्केच. दोन्ही रीतींचे उत्तर जवळपास सारखे आले, तर त्यावर भरवसा ठेवा. फार वेगळे आले, तर रोजच्या नोंदी पुन्हा तपासा.

तिसरी पायरी: भाववाढ वजा करा. कापड ६ टक्क्यांनी महागले असेल, तर माल प्रत्यक्षात जेमतेम २ टक्केच जास्त खपला आहे. पुढच्या खरेदीचा हिशेब या आकड्यावर करा.

ही रीत रोजची विक्री तारखेसह लिहिली असेल तरच चालते. महिन्याची एकच बेरीज ठेवली असेल, तर पहिल्या पायरीवरच थांबावे लागेल. शिवाय बोनस उशिरा मिळाला किंवा ऐन सणात पाऊस झाला, तर तेही वहीत लिहा. पंचांग तेवढे सांगत नाही.

२०२५ ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, २०२६ चे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे २०२६ चा ऑक्टोबर पडका दिसेल. तेव्हा घाबरू नका, आधी एकवीस दिवस मोजा.