सत्तर टक्के म्हणण्याआधी

अगं, कुरुवैच्या भाताचं शेत विकून वीस लाख हातात आले आणि एजंटाने लगेच सत्तर टक्के इक्विटीचा कागद पुढे केला, असं तू काल फोनवर म्हणालीस. त्यावर सही करण्याआधी अक्काचं थोडं ऐक. परतावा किती मिळेल हे तू त्याला विचारलंस. पैसे मधे किती खाली जातील आणि वर यायला किती वर्षं लागतील, हे विचारायचं राहिलं.

ड्रॉडाउन म्हणतात तो हाच हिशेब. तो तू घातलेल्या रकमेपासून मोजायचा नसतो. तोवर गाठलेल्या सर्वांत वरच्या आकड्यापासून मोजायचा. वहीत दर महिनाअखेरीला तीन रकाने कर: आजची किंमत, आजवरची सर्वांत मोठी किंमत, आणि दुसरीपासून पहिली किती टक्के खाली. तिसऱ्या रकान्यातला सर्वांत वाईट आकडा म्हणजे मॅक्झिमम ड्रॉडाउन.

आता खरी गोष्ट बघ. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 20,873 वर बंद झाला आणि 9 मार्च 2009 ला 8,160 वर आला. शंभराचे चाळीससुद्धा राहिले नाहीत. चाळीसचे पुन्हा शंभर व्हायचे तर बाजार अडीचपट व्हावा लागतो. साठ टक्के पडला म्हणून साठ टक्के चढून भागत नाही. 2010 च्या दिवाळीच्या मुहूर्ताला तो जुन्या शिखरावर पोहोचला, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांनी. पण गोष्ट तिथे संपली नाही. डिसेंबर 2011 मध्ये तो परत 15,200 च्या आसपास घसरला आणि 2013 च्या ऑक्टोबरअखेरीस पुन्हा वर आला. 2010 च्या दिवाळीचे ते चार दिवस ज्याने साधले नाहीत, त्याच्यासाठी वाट पावणेसहा वर्षांची झाली. लाभांश धरला तर ही मुदत थोडी आखडते; महागाई धरली तर चांगलीच लांबते.

एजंट तुला 2020 दाखवेल. तेव्हा जानेवारी ते मार्च बाजार 38 टक्के पडला आणि नोव्हेंबरात भरून निघाला. तेही खरंच आहे. पण एका चांगल्या वर्षावर भिस्त ठेवता येत नाही. मेट्टूर धरणाचं पाणी 12 जूनला सोडायचा रिवाज असून 2012 ते 2019 एकाही वर्षी ते त्या तारखेला सुटलं नाही, हे आपल्या घराने भोगलंय. कुरुवैचं पीक चुकलं तर घरात खायला काय आहे, हे अप्पा आधी बघायचे. तू तसंच बघ.

त्याच्या कागदावर 14 लाख इक्विटीत आणि 6 लाख एफडीत आहेत. 2008 सारखी साठ टक्के घसरण आली तर 14 चे 5.6 होतील. त्याच काळात पोरीच्या कॉलेजची फी म्हणून एफडीचे सहा लाख निघून जातील. मग समज, घराचं छत गळायला लागलं आणि तीन लाख इक्विटीतून काढावे लागले. उरले 2.6. बाजार अडीचपट होऊन जुन्या शिखरावर आला तरी तुझे साडेसहाच लाख होतील. काढलेले तीन धरून साडेनऊ. सेन्सेक्स सावरलेला असेल आणि तुझे साडेचार लाख मात्र कायमचे गेलेले असतील. माणसं नेमकी इथे फसतात, कारण बाजार सावरला की आपणही सावरलो असं त्यांना वाटतं.

म्हणून उलटीकडून चल. पुढच्या सहा-सात वर्षांत नक्की लागणारे फीचे सहा लाख आणि घरासाठी तीन लाख बाजूला काढ. त्यांना इक्विटीचं वारंही लागू देऊ नकोस. उरले 11 लाख. आता भावजींबरोबर बसून ठरव, यातले किती लाख कागदावर गेलेले दिसले तरी तू विकायला धावणार नाहीस? टक्क्यांत बोलू नकोस, रुपयांत बोल. समज, तीन लाख. त्यांना 0.6 ने भाग: इक्विटीत पाच लाख. वीस लाखांपैकी पंचवीस टक्के. सत्तर कुठे आणि पंचवीस कुठे!

हा आकडाही शेवटचा धरू नकोस, कारण आजवरची सर्वांत वाईट घसरण ही पुढच्या घसरणीची मर्यादा नसते. जपानचा निक्केई 1989 च्या डिसेंबरात 38,915 वर होता. तो आकडा फेब्रुवारी 2024 मध्ये ओलांडला गेला, चौतीस वर्षांनी. आपल्याकडे तसं होईलच असं मी म्हणत नाही, पण ती शक्यता धरूनच मी तुला पाचच्या वर जा म्हणणार नाही. दोन वर्षांनी फीचं ओझं हलकं झालं की हाच भागाकार पुन्हा कर, तेव्हा वाढवता येईल.

एजंट परत आला की त्याने सुचवलेल्या फंडाची जानेवारी 2008 ते डिसेंबर 2013 ची महिन्यावारी किंमत माग. फंड नंतर निघालेला असेल तर त्याच जातीच्या निर्देशांकाची माग. तो कागद मिळेपर्यंत सही थांबव.