शेवटापासून आरंभ : घटक नियोजनाची उलटी वाट

आपल्या शाळेतून शिकून बाहेर पडलेले कित्येक माजी विद्यार्थी आज डी.एल.एड. व बी.एड.च्या वर्गांत अध्यापनाचे धडे घेत आहेत. सुट्टीत ते भेटावयास येतात तेव्हा त्यांच्या हाती पाठ टाचणाच्या वह्या असतात आणि ओठांवर बहुधा एकच प्रश्न असतो : "सर, या घटकासाठी एखादा छान उपक्रम सुचवा ना." या प्रश्नाचे उत्तर आम्ही पूर्वी लगेच देत असू. आता देत नाही. घटक संपल्यावर मुलाला नेमके काय करता आले पाहिजे, हे आधी विचारतो. असे का, हे एका घटकाच्या आधारे येथे सांगण्याचा प्रयत्न आहे.

एका सराव पाठाची हकीकत

घटक होता पाचवीच्या गणितातील 'परिमिती व क्षेत्रफळ'. एका छात्राध्यापकाने त्याचे नियोजन मोठ्या हौसेने केले होते आणि मार्गदर्शक म्हणून आम्हीच ते मंजूर केले होते. मुलांनी सुतळीने अंगण मोजले, वर्गाची लांबी-रुंदी घेतली, रंगीत तक्ते रंगविले, दोन्ही सूत्रे तालावर म्हटली. शेवटच्या चाचणीत बहुतेकांना चांगले गुण मिळाले. सगळेच समाधानी होते.

त्यानंतर आम्ही मुलांना सहज विचारले, "आपला भाजीचा वाफा आयताकृती आहे आणि त्याचे क्षेत्रफळ 36 चौरस मीटर आहे. भोवती एकपदरी तार लावायची, तर किती मीटर आणावी?" कोणी म्हणाले 36. कोणी 36 ला 4 ने गुणले. ज्याची आम्हाला अपेक्षा होती तो प्रतिप्रश्न मात्र एकाही मुलाने केला नाही : "वाफ्याची लांबी-रुंदी किती?"

दोष मुलांचा नव्हता. कडेची लांबी आणि आतील जागा ही दोन निराळी मापे आहेत आणि एकावरून दुसरे ठरत नाही, ही गोष्ट त्या साऱ्या धावपळीत कोठेच आली नव्हती. नियोजनाच्या तक्त्यात मूल्यमापनाचा रकाना सर्वांत शेवटी होता. तो भरलाही गेला होता सर्वांत शेवटी, आणि उरलेल्या वेळात.

दिशा बदलणे

अध्यापनाची आखणी उद्दिष्टांपासून सुरू व्हावी, हा विचार राल्फ टायलर यांनी 1949 साली आपल्या ग्रंथात मांडला होता. पुढे 1998 मध्ये ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी त्याला तीन टप्प्यांचे सुटसुटीत रूप दिले. प्रथम अपेक्षित निष्पत्ती ठरवावयाची. मग ती साध्य झाल्याचा पुरावा कोणता मानावयाचा हे ठरवावयाचे. आणि त्यानंतरच उपक्रमांची निवड करावयाची. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने 2017 मध्ये प्राथमिक स्तरासाठी अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या, तेव्हापासून हा शब्द प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचा झाला आहे. परंतु टाचणाच्या माथ्यावर निष्पत्ती उतरवून काढणे वेगळे आणि तिच्यापासून नियोजन सुरू करणे वेगळे. फरक कोठे पडतो, तो आता त्याच घटकात पाहू.

पहिला टप्पा : निष्पत्ती

मूळ टाचणात लिहिले होते : "विद्यार्थ्यांना परिमिती व क्षेत्रफळ समजेल." समजणे डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून या वाक्यावरून पुढचे काहीच ठरविता येत नाही. दुसरे वाक्य होते : "विद्यार्थी अंगण मोजून तक्ता तयार करतील." हा तर उपक्रमच आहे, निष्पत्तीच्या जागी येऊन बसलेला. तो ओळखण्याची खूण सोपी आहे. घटक संपून महिना लोटल्यावर, दुसऱ्याच ठिकाणी, मूल एकटे असताना ते वाक्य खरे ठरू शकेल का, हे पाहावे. तक्ता तेव्हा भिंतीवरून उतरलेला असतो.

आम्ही पुन्हा बसलो आणि तीनच निष्पत्ती लिहिल्या. एक : दिलेल्या प्रसंगात कडेची लांबी हवी आहे की आतील जागा, हे मूल ओळखते व कारण सांगते. दोन : परिमिती मीटरमध्ये आणि क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये का सांगतात, हे चित्र काढून दाखविते. तीन : परिमिती सारखी असूनही क्षेत्रफळ निराळे असू शकते, तसेच क्षेत्रफळ सारखे असूनही परिमिती निराळी असू शकते, हे स्वतः उदाहरणे रचून सिद्ध करते. सूत्रे यांत वगळलेली नाहीत. ती या तिन्हींच्या सेवेला आहेत.

दुसरा टप्पा : पुरावा

नवशिका शिक्षक हा टप्पा सर्वाधिक घाईने ओलांडतो, म्हणून येथे थोडे थांबू. प्रश्न तयार झाला की स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात. न समजताही एखादे मूल याचे उत्तर बरोबर देऊ शकेल का? आणि समजूनही एखादे मूल येथे चुकू शकेल का?

जुन्या चाचणीतील एक प्रश्न असा होता : "4 मीटर बाजू असलेल्या चौरसाचे क्षेत्रफळ काढा." उत्तर 16 चौरस मीटर. परंतु त्याच चौरसाची परिमितीही 16 मीटरच येते. ज्याने चारी बाजूंची बेरीज केली आणि ज्याने बाजूला बाजूने गुणले, त्या दोघांच्या वहीत एकच आकडा उमटतो, आणि गुण देणाऱ्याला काहीच कळत नाही. लांबी 6 व रुंदी 3 घेतली तरी तोच घोटाळा होतो, दोन्हीकडे 18. बाजू पूर्ण अंकांत असतील तर असे फसवे आयत हे दोनच आहेत, आणि पुस्तकी सरावात सोपे अंक म्हणून तेच सहज निवडले जातात. शिवाय 'क्षेत्रफळ काढा' असे स्पष्ट सांगितले की कोणते माप हवे हे ओळखण्याचे काम प्रश्नानेच करून टाकलेले असते. आपली पहिली निष्पत्ती तेथे तपासलीच जात नाही.

म्हणून मुख्य पुरावा म्हणून आम्ही वाफ्याचाच प्रश्न ठेवला : क्षेत्रफळ 36 चौरस मीटर, बाजू पूर्ण मीटरमध्ये, तार किती? येथे एकच उत्तर नाही. 36 बाय 1 च्या लांबट वाफ्याला 74 मीटर तार लागते. 18 बाय 2 ला 40, 12 बाय 3 ला 30, 9 बाय 4 ला 26 आणि 6 बाय 6 ला अवघी 24. उत्तरे तपासण्याच्या पायऱ्याही आधीच लिहून ठेवल्या. जे मूल 36 वरच काहीतरी क्रिया करून एक आकडा देते, ते पहिल्या पायरीवर. जे एक योग्य आयत घेऊन अचूक गणित करते पण तेच एकमेव उत्तर समजते, ते दुसऱ्या पायरीवर. आणि "आकारावर अवलंबून आहे" असे म्हणून जे दोन-तीन आकार दाखविते, ते तिसऱ्या पायरीवर.

समजूनही चुकणाऱ्या मुलासाठी काळजी वेगळी घ्यावी लागते. भाषेत अडखळणाऱ्या मुलाला हा प्रश्न तोंडी सांगावा आणि त्याला चौकटीच्या कागदावर उत्तर काढू द्यावे. अन्यथा आपण गणिताऐवजी वाचन तपासू.

तिसरा टप्पा : उपक्रम

आता कोठे उपक्रमांची पाळी येते, आणि निवड जवळजवळ आपोआप होते. सात तासिका हाती आहेत. सुतळीने अंगण मोजणे राहते, पण एका तासिकेपुरते. तक्ते रंगविणे गळते, कारण तिन्ही निष्पत्तींपैकी कोणतीही त्याने पुढे सरकत नाही. त्याच्या जागी आगकाड्या येतात. प्रत्येक गटाला 20 काड्या द्याव्यात, त्या सर्व वापरून आयत रचावयास सांगावेत आणि आत काडीएवढ्या बाजूचे किती चौरस मावतात ते मोजावयास लावावे. 9 बाय 1 मध्ये 9 चौरस, 8 बाय 2 मध्ये 16, 7 बाय 3 मध्ये 21, 6 बाय 4 मध्ये 24, 5 बाय 5 मध्ये 25. काड्या तेवढ्याच, जागा मात्र वाढत गेली, हे मुले स्वतःच बोलून दाखवितात. चौरस ओळीने मोजता मोजता 'एका ओळीत इतके, अशा इतक्या ओळी' हे सूत्रही हाती येते. सूत्र चौथ्या तासिकेला फळ्यावर लिहावे, पहिल्या नव्हे.

येथे कडेची लांबी कायम होती. अंतिम प्रश्नात क्षेत्रफळ कायम आहे. हा बदल मुद्दाम केलेला आहे. वर्गात केलेलेच उदाहरण चाचणीत दिले तर आठवण तपासली जाते, आकलन नव्हे.

मध्यंतरी, तिसऱ्या तासिकेच्या अखेरीस, एकच प्रश्न चिठ्ठीवर विचारावा. चौकटीच्या कागदावर 6 बाय 4 चा आयत आहे. त्याच्या एका कोपऱ्यातून एक चौकट कापली. परिमितीचे काय झाले, क्षेत्रफळाचे काय झाले? क्षेत्रफळ 24 वरून 23 होते. परिमिती मात्र 20 च राहते, कारण बाहेरच्या दोन कडा गेल्या आणि आत वळलेल्या दोन नव्या आल्या. "दोन्ही कमी झाले" असे लिहिणारी मुले बरीच निघाली, तर चौथ्या तासिकेचे सूत्र पुढे ढकलावे, त्यांना कडेवरून बोट फिरवून एकेक कड मोजावयास लावावी, आणि मग तीच चौकट कोपऱ्याऐवजी बाजूच्या मधून कापावयास सांगावी. तेव्हा परिमिती 22 होते. जागा घटली आणि कड वाढली, हे पाहून मुले थबकतात. त्या थबकण्यासाठी नियोजनात एक तासिका मोकळी ठेवलेली असावी.

मर्यादा

ही वाट सर्वत्र सारखी चालत नाही. मापनासारख्या घटकात निष्पत्ती आधी नेमकी लिहिता येते. कविता वाचताना किंवा चित्र काढताना मुलाच्या मनात काय उगवेल, ते शिक्षकाने आधीच लिहून ठेवावे, हा आग्रह योग्य नव्हे. एलियट आइसनर यांनी 1960 च्या दशकातच हा आक्षेप नोंदविला होता. तेथे अनुभव आधी आणि त्याचे फळ मागाहून पाहावे लागते. दुसरी मर्यादा वेळेची. प्रत्येक घटकाची अशी आखणी एका वर्षात होत नाही. वर्षाला दोन घटक निवडावेत, आणि निवडताना मुले पुढील इयत्तेत जेथे अडतात ते घटक घ्यावेत.

पालकांनीही हे एकदा करून पाहावे. मुलाने परिमितीची गणिते बरोबर सोडविली असतील, तर त्याला घरी एवढेच विचारावे : "खोलीत फरशी बसवायची आहे आणि भिंतीच्या तळाशी पट्टीही लावायची आहे. दुकानात कशासाठी कोणते माप सांगशील?" ते उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबून खोलीकडे पाहू लागले, तर तेथून पुढे त्याला बोलू द्यावे.