ओळ कुठे टेकते?

प्रश्न : ‘दुपार’ऐवजी ‘दुपारी’ केले की यमकाचा ठसका का जातो? – एक वाचक, नारायण पेठ, पुणे

उत्तर : मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नाही, पण ओळ कुठे टेकते ते तो ठरवतो. वाचकाच्या घराजवळच्या मुठेवरच दोन जोड्या रचून पाहाव्यात.

पाण्याला सोनेरी किनार,
पुलावर पेंगते दुपार.

बोलताना शेवटचा ‘अ’ गळतो. जोर ‘नार’, ‘पार’ या अखेरच्या अवयवांवर येतो आणि ओळ तिथेच थांबते.

मुठेच्या किनारी,
निवांत दुपारी.

इथे जोर ‘ना’, ‘पा’वर, ‘री’ त्यामागून हलकी येते. ओळ लांबते, रेंगाळते. अंगाईला हे शोभते, पोवाड्याच्या ललकारीला पहिला प्रकार.

मात्र ‘किनारी’ला ‘विहिरी’ जोडली, तर फक्त हलकी ‘री’ जुळते, जोराचा स्वर निसटतो आणि यमक लंगडे वाटते. यमक त्या स्वरापासून जुळवावे.

गाताना किंवा वृत्तात म्हणताना ‘दुपार’मधला शेवटचा ‘अ’ पुष्कळदा पुरा उच्चारला जातो, मग तिचाही शेवट मऊ होतो. म्हणून ही पारखणी कविता जशी ऐकवायची, तशीच मोठ्याने म्हणून करावी.