नळी अरुंद झाली की दाब कमी का होतो? द्राक्षबागेतल्या व्हेंच्युरीची गोष्ट



बारावीच्या भौतिकशास्त्रात द्रायूंचे गुणधर्म शिकवताना बर्नोलीचं समीकरण येतं. मुलं ते पाठ करतात, त्यावरची गणितंही सोडवतात. पण नंतर सहज विचारून पाहा, "पाइप जिथे अरुंद होतो तिथे पाण्याचा दाब वाढतो की कमी होतो?" वर्गातली निम्मी मुलं तरी पटकन म्हणतील, "वाढतो!" त्यांचं कारणही तयार असतं. जागा कमी, पाणी तेवढंच, म्हणजे पाणी दाबलं जाणार.

या उत्तरामागे रोजचा अनुभव असतो. नाशिकच्या मुलांनी रामकुंडाकडे जाणाऱ्या बोळांतली गर्दी पाहिलेली असते. बोळ अरुंद झाला की माणसं एकमेकांवर रेटली जातात, श्वास कोंडतो. मुलं पाण्यालाही तोच नियम लावतात. हा समज मनात तसाच राहिला तर समीकरण फक्त वहीत राहतं. तो कसा सुटतो, हे सांगणारी एक छोटी गोष्ट आज तुमच्यासमोर ठेवतो आहे.

गोष्ट

निफाड तालुक्यातली एक मुलगी. बारावी सायन्सला, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. घरची द्राक्षबाग. बर्नोलीच्या गणितात तिला पूर्ण गुण मिळाले होते, पण सरांना तिने सरळ सांगितलं, "सर, उत्तर बरोबर येतं, पण पटत नाही. नळीला बोट लावलं की पाणी जोरात उडतं. मग दाब वाढलाच ना?"

सरांनी लगेच उत्तर दिलं नाही. ते म्हणाले, "तुमच्या बागेत ड्रिपमधून खत सोडतात ना? ड्रममधलं खत पाइपात कोण ओढतं, तेवढं बघून ये."

दिवाळीच्या सुट्टीत ती काकांबरोबर बागेत गेली. ऑक्टोबर छाटणी होऊन गेली होती, नवीन फूट निघाली होती आणि ठिबकमधून विद्राव्य खत सोडणं चालू होतं. फिल्टरच्या पुढे मुख्य पाइपावर एक बॉल व्हॉल्व्ह होता. त्याच्या अलीकडून एक बारीक फाटा निघत होता आणि पलीकडे परत मुख्य पाइपाला मिळत होता. त्या फाट्यावर हातभर लांबीची, मधे कंबर बारीक असलेली प्लास्टिकची व्हेंच्युरी बसवलेली होती. कंबरेपासून एक लवचिक नळी निघून खाली खताच्या ड्रममध्ये सोडलेली. ड्रमला मोटर नाही, पंप नाही, तरी खत वर चढून पाइपात जात होतं.

"काका, हे कोण ओढतंय?"

"अगं, व्हेंच्युरी ओढते."

"पण तिच्यात तर काहीच फिरत नाही."

"नसेल फिरत. पण व्हॉल्व्ह थोडा आवळला की ओढायला लागते, एवढं मला माहीत."

तेवढ्यात काकांना वाटलं की शेवटच्या ओळींना पाणी कमी पडतंय. त्यांनी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. थोड्या वेळाने ड्रमकडे पाहिलं तर खत कमी व्हायच्या ऐवजी ड्रम भरत चालला होता. पाइपातलं पाणी उलटं ड्रममध्ये येत होतं. काकांनी घाईने व्हॉल्व्ह परत आवळला. ड्रम भरायचा थांबला आणि खत पुन्हा वर ओढलं जाऊ लागलं.

मुलगी तिथेच बांधावर बसली. एकाच भोकातून एकदा बाहेरचं आत जातं आणि एकदा आतलं बाहेर येतं. म्हणजे कंबरेतला दाब कधी बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, कधी जास्त. भोक तेच, कंबर तेवढीच अरुंद. मग बदललं काय? बदलला होता फक्त त्या फाट्यातून जाणाऱ्या पाण्याचा वेग.

तिला काय दिसलं

इथून पुढे तिच्यासोबत आपणही सावकाश जाऊ.

पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही. एक लिटर पाणी आत शिरलं की एक लिटर बाहेर पडायलाच हवं, मधे साठायला जागा नाही. गर्दीत आणि पाण्यात फरक पडतो तो इथे. अरुंद बोळात माणसं दाटतात आणि हळू होतात. पाणी दाटू शकत नाही, म्हणून त्याला अरुंद जागेत वेग वाढवावाच लागतो. हेच सांतत्याचं समीकरण: `A₁v₁ = A₂v₂`.

आता नळीच्या मधोमध वाहणारा पाण्याचा एक छोटा थेंब डोळ्यांसमोर आणा. रुंद भागात तो सावकाश चालला आहे, कंबरेत शिरताना त्याचा वेग वाढतो. न्यूटनचा नियम सांगतो की वेग वाढायला पुढच्या दिशेने बल लागतं. हे बल देणार कोण? नळीची भिंत या थेंबाला शिवतसुद्धा नाही. त्याच्या मागे पाणी आहे आणि पुढे पाणी आहे, दोघंही त्याला रेटतात. थेंब पुढे वेग घेतो आहे, याचा अर्थ एकच: मागचं पाणी जास्त जोराने रेटतं आहे आणि पुढचं कमी. म्हणजेच मागे, रुंद भागात दाब जास्त. पुढे, कंबरेत दाब कमी.

ती अडकली होती ती नेमकी इथे. "वेग वाढला म्हणून दाब कमी झाला" असं ती पाठ करत होती. आता तिला उलट बाजूने दिसलं. पुढे दाब कमी असल्याशिवाय पाण्याचा वेग वाढूच शकत नाही. कंबर ओलांडल्यावर नळी पुन्हा रुंद होते, थेंबाला हळू व्हायचं असतं. हळू करायला पुढून जास्त रेटा हवा, म्हणून तिथे दाब पुन्हा वाढतो.

आकडे घालून पाहू

समजा व्हेंच्युरीचं तोंड आतून २० मिमी आणि कंबर ५ मिमी आहे. व्यास चौथाई झाला म्हणजे क्षेत्रफळ सोळावा हिस्सा झालं. तोंडाशी पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने येत असेल, म्हणजे मिनिटाला साधारण १९ लिटर, तर कंबरेत तेच पाणी सेकंदाला १६ मीटर वेगाने धावेल.

शेतकरी दाब 'किलो'त सांगतात. एक किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा भार, म्हणजेच १० मीटर उंच पाण्याच्या खांबाचा दाब. बर्नोलीचं समीकरण आपण याच 'पाण्याच्या मीटर'मध्ये मांडू. दाबातली घट अशी:

`(v₂² − v₁²) / 2g = (256 − 1) / 19.6 ≈ 13`

म्हणजे घट १३ मीटरची, १.३ किलोची. व्हेंच्युरीच्या तोंडाशी गेज १ किलो, म्हणजे १० मीटर दाखवत असेल तर कंबरेत उरतात १० − १३ = उणे ३ मीटर. उणे म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी. मग बाहेरची हवा ड्रममधल्या खतावर दाब देते आणि त्याला नळीतून वर ढकलते. व्हेंच्युरी 'ओढते' असं आपण म्हणतो, पण खरं ढकलण्याचं काम हवा करते.

आता काकांनी व्हॉल्व्ह उघडला तेव्हाचं पाहू. पाण्याला मुख्य पाइपाचा सोपा रस्ता मिळाला, फाट्यातला प्रवाह घटला. तोंडाशी दाब तोच राहिला आणि वेग निम्मा, म्हणजे ०.५ मीटर झाला असं धरू. कंबरेत वेग ८ मीटर. घट `(64 − 0.25) / 19.6`, म्हणजे सव्वातीन मीटर. वेग निम्मा झाला, घट चौथाई झाली. कंबरेत उरले पावणेसात मीटर, तेही अधिक चिन्हाचे. मग पाणी ड्रममध्ये येणार नाही तर काय?

हे हिशेब घर्षण सोडून केले आहेत. प्रत्यक्षात ओढ यापेक्षा कमी मिळते, आणि कंबरेपुढे दाब वाढतो तो पूर्ण परत येत नाही. काही ऊर्जा भोवऱ्यांत वाया जाते. म्हणूनच व्हॉल्व्ह आवळून दोन्ही बाजूंच्या दाबात फरक ठेवावा लागतो. भोवरे कमी व्हावेत म्हणून व्हेंच्युरीची पुढची बाजू लांब आणि हळूहळू रुंद होणारी असते. अंगावरचा बाण न पाहता ती उलटी बसवली तर ओढ नीट मिळत नाही. ड्रममध्ये उलटं पाणी येऊ नये म्हणून खताच्या नळीवर एकमार्गी झडप बसवतात.

मग बोट लावल्यावर पाणी जोरात का उडतं?

हा प्रश्न टाळू नका, मुलांच्या मनात तोच बसलेला असतो. बोट लावल्यावर नळीतून जाणारं एकूण पाणी कमी होतं. लांब नळीत पाणी हळू वाहिलं की घर्षणात जाणारा दाब वाचतो आणि तो बोटाच्या मागे जमा होतो. म्हणून बोटाच्या *मागे* दाब खरंच वाढतो. पण फटीतून बाहेर पडलेल्या धारेचा दाब किती? आजूबाजूच्या हवेइतकाच, गेजवर शून्य. मागे जास्त, पुढे शून्य, म्हणूनच तर धार वेग घेते. याही उदाहरणात रुंद भागात दाब जास्त आणि अरुंद भागात कमी आहे. मुलगी चुकत होती ती एवढ्यावरच: बोटाला मागून जाणवणारा दाब ती धारेच्या नावावर मांडत होती.

वर्गात घेताना

समीकरण फळ्यावर लिहिण्याआधी थेंबाचा प्रश्न विचारा: "याचा वेग वाढला, मग याला कुणी ढकललं?" उत्तर मुलांकडून येऊ द्या, त्याला दहा मिनिटं लागली तरी चालतील. त्यानंतर समीकरण आलं की ते ओळखीचं वाटतं.

जवळ ठिबक असलेलं शेत असेल तर मुलांना व्हॉल्व्ह हळूहळू आवळायला सांगा. खत ओढलं जायला नेमकं कधी सुरू होतं ते पाहायला लावा आणि त्या क्षणी कंबरेतला दाब किती असेल, हे विचारा. खताच्या जागी बादलीत साधं पाणी ठेवलं तरी चालतं.

शेवटी तपासणीसाठी एक प्रश्न. व्हेंच्युरी आणि व्हॉल्व्हची जागा तीच ठेवून ड्रम खड्ड्यात, चार मीटर खाली ठेवला तर वरच्या उदाहरणात खत चढेल का? जो विद्यार्थी सूत्र न लिहिता "नाही, कारण हवा फक्त तीन मीटरच ढकलू शकते" असं म्हणेल, त्याला हा धडा समजला असं खुशाल धरा.